सिंगल-प्लेअर मॉडमुळे अकाउंट बॅन झालं? सपोर्टला फेरतपासणीचा मेल असा लिहा

गेम उघडताना स्क्रीनवर बॅनची सूचना आली की बहुतेक मुलं पहिल्या पाच मिनिटांत दोन कामं करून टाकतात. मॉडचं सगळं फोल्डर उडवतात आणि सपोर्टला रागारागाने चार ओळी खरडतात. ही दोन्ही कामं नंतर महागात पडतात. फोल्डर उडवलं की आपल्या बाजूचा पुरावाही जातो, आणि रागात लिहिलेला पहिला मेल त्या तिकिटावर कायमचा राहतो. पुढे जो कुणी ते तिकीट उघडेल, तो आधी तोच मेल वाचणार.

सांगलीच्या विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विलिंग्डन, वालचंद कॉलेजची मुलं लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा असे प्रश्नही घेऊन येतात. त्यातलंच कुपवाडच्या एका डिप्लोमाच्या मुलाचं प्रकरण इथे उदाहरण म्हणून घेतो, कारण सिंगल-प्लेअर मॉडवाल्यांच्या बाबतीत सर्रास घडतं तेच त्याच्या बाबतीत घडलं होतं.

तो एक मोठा साहसी गेम एकटाच खेळायचा. पात्राला हवं तेवढं सामान उचलता यावं म्हणून त्याने वजनाची मर्यादा काढणारा मॉड टाकला होता. मॉड चालण्यासाठी लागणारा लोडर `dinput8.dll` या नावाने गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये होता. एका रात्री मित्राने ऑनलाइन खेळायला बोलावलं. याने प्रामाणिकपणे मॉडची फाइल काढली आणि गेम सुरू केला. लोडर मात्र तिथेच राहिला. तासाभरात बॅन आला.

असं का होतं हे कळल्याशिवाय मेल नीट लिहिता येत नाही, म्हणून थोडं समजून घ्या. `dinput8.dll` हे विंडोजच्याच एका फाइलचं नाव आहे. गेमला ही फाइल लागली की विंडोज ती आधी गेमच्या फोल्डरमध्ये शोधतं आणि तिथे नसेल तरच सिस्टीमच्या फोल्डरकडे वळतं. मॉड लोडर याचाच फायदा घेतो. विंडोजच्या फाइलचं नाव लावून तो गेमच्या फोल्डरमध्ये बसतो आणि गेमबरोबर त्याच्या मेमरीत शिरतो. चीट बनवणारेही याच वाटेने आत शिरतात. अँटी-चीटला तुमचा हेतू दिसत नाही. ओळख नसलेला कोड गेमच्या आत आहे, एवढंच त्याला दिसतं. लोडरच्या पोटात एकही मॉड नसला तरी लोडर स्वतः आत असतोच.

आता पायऱ्यांकडे वळू.

आधी काहीही हलवू नका, गेमही उघडू नका

बरेच लोडर आपली लॉग फाइल गेम सुरू होताना नव्याने लिहितात. बॅननंतर 'बघू, चालतोय का' म्हणून गेम एकदा उघडलात, तर ज्या दिवशी बॅन आला त्या दिवसाचा लॉग पुसला जाऊ शकतो. कुपवाडच्या मुलाने सुदैवाने गेम पुन्हा उघडला नव्हता. त्याच्या लॉगमध्ये त्या रात्रीची वेळ होती आणि खाली लोड झालेल्या मॉडच्या यादीत एकही नाव नव्हतं. त्याच्याजवळचा सर्वांत भक्कम कागद हाच होता.

गेमचं फोल्डर उघडा आणि `dinput8.dll` वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल कधी तयार झाली आणि कधी बदलली, त्या तारखांचा स्क्रीनशॉट घ्या. हे कॉपी करण्याआधी करा, कारण कॉपी केलेल्या फाइलवर तयार झाल्याची तारीख आजची पडते. मग बॅनच्या सूचनेचा स्क्रीनशॉट घ्या आणि लॉग फाइल दुसरीकडे जपून ठेवा.

त्यानंतर फाइलचा हॅश काढा. हॅश म्हणजे त्या फाइलची ओळख पटवणारी ६४ अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ही ओळ पार बदलते. गेमच्या फोल्डरमध्ये वरच्या पत्त्याच्या पट्टीत `powershell` टाइप करून एंटर दाबा आणि ही आज्ञा द्या:

```
Get-FileHash .\dinput8.dll
```

आलेली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा. सपोर्टला `.dll` फाइल जोडून पाठवू नका. अशा जोडण्या बहुतेक मेल यंत्रणा अडवतात, आणि अनोळखी माणसाने पाठवलेली अशी फाइल कुणी उघडणारही नाही. हॅश दिला की तपासणाऱ्याला तो आपल्याकडच्या नोंदीशी जुळवून बघता येतो. लोडरचं नाव, आवृत्ती आणि तो कुठून घेतला तेही लिहून ठेवा.

मॉडच्या रीडमी फाइलकडेही एक नजर टाका. बरेच मॉडर त्यात 'फक्त सिंगल-प्लेअरसाठी' असं स्पष्ट लिहितात. काही तर पुढे जाऊन बंदोबस्तच करतात. जीटीए ५ साठीचा स्क्रिप्ट हूक व्ही घ्या, खेळाडू ऑनलाइनमध्ये शिरला की तो गेमच बंद करतो. तुमच्या मॉडच्या रीडमीत असं वाक्य असेल तर ते जसंच्या तसं उतरवून घ्या.

बॅन कुणी घातला ते शोधा

इथे चुकलात तर बाकीची मेहनत पाण्यात जाते. गेम जिथून विकत घेतला तो प्लॅटफॉर्म, गेम बनवणारी कंपनी आणि अँटी-चीट पुरवणारी कंपनी हे तीन वेगळे पक्ष असू शकतात. बॅन एकाने घातलेला असतो आणि मुलं मेल दुसऱ्याला पाठवतात.

स्टीमचं उदाहरण घेऊ. तिथे 'व्हॅक बॅन' आणि 'गेम बॅन' असे दोन प्रकार दिसतात. व्हॅक ही स्टीम चालवणाऱ्या वाल्व कंपनीची स्वतःची अँटी-चीट यंत्रणा आहे. व्हॅक बॅन कायमचा असतो, त्यावर वाटाघाट होत नाही आणि सपोर्ट तो काढू शकत नाही, असं वाल्वने जाहीरच केलेलं आहे. बॅन चुकून लागल्याचं त्यांच्याच लक्षात आलं तर ते तो आपणहून मागे घेतात. गेम बॅन मात्र गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून लागतो. त्यासाठी स्टीम सपोर्टला दहा मेल केले तरी उत्तर एकच येणार: डेव्हलपरशी बोला. म्हणून सूचनेतले शब्द नीट वाचा. कोणत्या कंपनीचं नाव आहे, बॅनचा क्रमांक दिलाय का, मुदत लिहिली आहे का, हे बघा आणि ज्यांनी बॅन घातला त्यांच्याच अपीलच्या पानावरून लिहा. अपीलचा फॉर्म असेल तर मेलऐवजी फॉर्मच भरा. मजकूर तोच चालतो.

आमच्या उदाहरणात बॅन गेमच्या कंपनीचा होता आणि कंपनीचा स्वतःचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म होता. त्यामुळे मेल त्यांच्या सपोर्टलाच गेला, आणि तोही अकाउंटला जोडलेल्या ईमेलवरून. दुसऱ्या ईमेलवरून लिहिलं तर अकाउंट तुमचंच आहे हे सिद्ध करण्यात पहिली फेरी जाते.

वेळ यूटीसीमध्ये लिहा

छोटी बाब आहे, पण ती राहून जाते. त्यांच्या सर्व्हरवरच्या नोंदी बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. म्हणजे १४ जूनचे रात्रीचे ११:४० हे यूटीसीमध्ये १४ जूनचे १८:१० होतात. मध्यरात्रीनंतरचं असेल तर तारीखही बदलते: आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे २ वाजले असतील, तेव्हा तिकडे १४ तारखेचे २०:३० असतात. दोन्ही वेळा लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला चुकीच्या दिवसाची नोंद उघडावी लागणार नाही.

बॅनची वेळ आणि मूळ घटनेची वेळ एकच असेल असंही धरून चालू नका. काही यंत्रणा आज दिसलेल्या गोष्टीवर मुद्दाम काही दिवसांनी बॅन लावतात, म्हणजे नेमकं काय पकडलं गेलं हे चीट बनवणाऱ्यांना कळू नये. म्हणून मॉड कधी टाकला आणि त्यानंतर ऑनलाइन कधी गेलात, तेही आठवून लिहा.

मेलचा मजकूर

भाषा साधी ठेवा. आधी मराठीत कच्चा मसुदा करा आणि मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. वाक्य लांब झालं की इंग्रजीत अर्थ निसटतो. त्या मुलाबरोबर बसून केलेला मसुदा असा होता:

> विषय: अकाउंट बॅनच्या फेरतपासणीची विनंती – बॅन क्रमांक (सूचनेतला) – सिंगल-प्लेअर मॉड लोडर
>
> नमस्कार,
>
> माझ्या अकाउंटवर (वापरकर्ता नाव आणि आयडी) १४ जून रोजी भारतीय वेळेनुसार रात्री ११:४० वाजता, म्हणजे १८:१० यूटीसी वाजता बॅन लागला. त्याची फेरतपासणी करावी, ही विनंती.
>
> मी सिंगल-प्लेअरमध्ये वजनाची मर्यादा काढणारा मॉड वापरत होतो. तो मी मे महिन्याच्या शेवटी टाकला होता. १४ जूनला ऑनलाइन जाण्याआधी मी मॉडची फाइल काढली. परंतु लोडरची `dinput8.dll` ही फाइल फोल्डरमध्ये राहिली आणि ती गेमबरोबर लोड झाली. ती काढणं ही माझी जबाबदारी होती.
>
> मॉड टाकल्यानंतर मी ऑनलाइन खेळलो ते फक्त हे एकच सत्र. त्या सत्राचा लोडरचा लॉग सोबत जोडला आहे. त्यात एकही मॉड लोड झालेला नाही. लोडरचं नाव, आवृत्ती आणि हॅश खाली दिला आहे.
>
> माझा प्रश्न एवढाच आहे: हा बॅन या लोडर फाइलमुळे लागला आहे का, हे एखाद्या व्यक्तीने तपासावं. तसं असेल तर बॅन काढण्याचा किंवा त्याला मुदत घालण्याचा विचार व्हावा. आणखी काही माहिती लागल्यास मी याच तिकिटावर देईन.
>
> आपल्या वेळेबद्दल आभारी आहे.
>
> (पूर्ण नाव, अकाउंटचं नाव)

या मेलमधला दुसरा परिच्छेद लिहिताना तो मुलगा अडला. 'काका, मॉड टाकला होता हे आपणच कशाला सांगायचं?' असं त्याने विचारलं. सांगायचं ते याचसाठी, की त्यांना ते आधीच माहीत आहे. बॅन लागला तो काहीतरी सापडलं म्हणूनच. 'मी काहीच केलं नाही' असं लिहिलंत आणि त्यांच्या नोंदीत लोडर दिसला, की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. 'धाकटा भाऊ खेळत होता' हे कारण तर अजिबात देऊ नका. सपोर्टवाल्यांनी ते असंख्य वेळा वाचलेलं असतं, आणि बहुतेक प्लॅटफॉर्मच्या अटींत अकाउंटवर जे काही होईल त्याची जबाबदारी मालकाचीच असते. म्हणजे ते खरं असलं तरी त्याने काही हाती लागत नाही.

मात्र कबुली जेवढी घडली तेवढीच द्या. 'मी चीटिंग केलं, माफ करा' हे लिहिणं विनयशील वाटतं, पण ते खरं नाही. पुढे तेच वाक्य तुमच्या विरुद्ध वाचलं जाईल. 'लोडर राहिला, तो काढणं माझं काम होतं' हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

शेवटचा प्रश्न कसा विचारला आहे तेही बघा. 'तुम्हाला नेमकं काय सापडलं ते दाखवा' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. पकडण्याची पद्धत उघड झाली तर चीट बनवणारे ती चुकवतील, म्हणून या कंपन्या तपशील देत नाहीत. पण 'ही अमुक हॅशची फाइल कारण आहे का' हा प्रश्न हो किंवा नाही असं म्हणून सोडवता येतो. तपासणाऱ्याला स्वतःची पद्धत न सांगताही तुमचं काम करता येतं. 'काढण्याचा किंवा मुदत घालण्याचा' असे दोन पर्याय ठेवण्यामागेही हेच कारण आहे. पूर्ण माफी देण्याचा अधिकार समोरच्याला नसेल, तरी बॅन मुदतीचा करणं कदाचित त्याच्या हातात असतं.

विनयाबद्दल बोलायचं तर तो आर्जवात नसतो. 'कृपया सर, गरीब विद्यार्थी आहे, घरच्यांनी पैसे साठवून गेम घेऊन दिला' यातलं सगळं खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्यातून नोंदीत शोधण्यासारखं काही मिळत नाही. कोर्टाची धमकी, 'सोशल मीडियावर टाकतो' हेही तसंच. अशा मेलमधली खरी माहिती मधेच कुठेतरी दबून जाते. आपल्याकडच्या अर्जात जसा विषय, संदर्भ आणि मागणी असते तसा मेल ठेवा, समोरच्याला दोन मिनिटांत वाचून होईल एवढा.

काय पाठवायचं नाही

पासवर्ड, ओटीपी, आधारचा फोटो यातलं काहीही पहिल्या मेलमध्ये जाता कामा नये. खरेदीचा पुरावा मागितला तर पावती द्या आणि पेमेंटचे आकडे झाकून द्या. टेलिग्राम, डिस्कॉर्डवर 'पैसे द्या, बॅन काढून देतो' म्हणणारे भेटतील. बॅन काढण्याचा अधिकार फक्त घालणाऱ्याकडे असतो, त्यामुळे बाहेरचा माणूस पैसे आणि लॉगिन यापलीकडे काहीही घेऊ शकत नाही.

बँकेकडे तक्रार करून गेमचे पैसे परत घ्यायचा विचारही या काळात नको. पेमेंट परत फिरलं की प्लॅटफॉर्म संपूर्ण अकाउंटच अडवू शकतो. मग एका गेमचा प्रश्न सगळ्या लायब्ररीचा होऊन बसतो.

मेल गेल्यानंतर

तिकीट क्रमांक आला की तो जपून ठेवा आणि पुढचं सगळं त्याच धाग्यात लिहा. नवीन तिकीट उघडलं की काही ठिकाणी ते जुन्याला जोडलं जातं आणि तुम्ही रांगेत पुन्हा मागे जाता. दोन वेगवेगळ्या तिकिटांत घटनाक्रम किंचित वेगळा लिहिला गेला तर आणखीच घोळ होतो. दुसरं अकाउंट काढून खेळायलाही बसू नका. बॅन चुकवणं हा वेगळा नियमभंग धरला जातो आणि मग मूळ अपीलला अर्थ उरत नाही.

पहिलं उत्तर बहुधा ठरीव साच्याचं येतं: 'आम्ही तपासलं, निर्णय योग्य आहे.' ते वाचून खचायचं कारण नाही, पण लगेच भांडायचंही नाही. त्या मुलालाही असंच उत्तर आलं होतं. आधी ते उत्तर नीट वाचा. त्यात तुमच्या लोडरचा, हॅशचा किंवा लॉगचा कुठे उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर एकदाच, तीन-चार ओळींचं उत्तर द्या. आम्ही असं लिहिलं होतं:

> उत्तराबद्दल धन्यवाद. माझ्या पहिल्या मेलमध्ये लोडर फाइलचा हॅश आणि १४ जूनच्या सत्राचा लॉग जोडला होता. तपासणीत ही फाइल विचारात घेतली गेली का, एवढंच कळवावं. घेतली असल्यास मी निर्णय मान्य करतो.

शेवटचं वाक्य मनापासून लिहिता येत असेल तरच लिहा. या उत्तराने प्रकरण दुसऱ्या माणसाकडे गेलं, आणि कायमचा बॅन मुदतीचा झाला. असं प्रत्येक वेळी होईलच असं नाही. लॉगमध्ये ऑनलाइन सत्राच्या वेळी मॉड लोड झालेला दिसत असता, तर हा मेल मी त्याला लिहायलाच सांगितला नसता. वजनाची मर्यादा काढलेलं पात्र इतरांमध्ये घेऊन जाणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच आहे, मग मॉडरने तो कशासाठीही बनवलेला असो.

उत्तर कायम नकारार्थी राहिलं, तर बॅनची व्याप्ती तपासा. पुष्कळदा बंदी ऑनलाइन भागापुरतीच असते आणि सिंगल-प्लेअर पूर्वीसारखा चालतो. स्टीमवर व्हॅक बॅन लागला तर त्या गेमच्या व्हॅकने सुरक्षित केलेल्या सर्व्हरवर खेळता येत नाही, पण लायब्ररीतले बाकीचे गेम चालू राहतात.

बॅन उठला तर ऑनलाइन जाण्याआधी फोल्डर हाताने साफ करा. स्टीममधलं फाइल तपासण्याचं बटण त्यासाठी पुरत नाही. गेमच्या मूळ फाइल बदलल्या असतील तर ते त्या दुरुस्त करतं, पण तुम्ही बाहेरून आणून ठेवलेली `dinput8.dll` त्याच्या यादीतच नसते, म्हणून ती जागच्या जागी राहते. गेम नवा टाकताना फोल्डरमध्ये कोणत्या फाइल होत्या त्याची यादी काढून ठेवलीत, तर बाहेरची फाइल कोणती हे लगेच दिसतं. `dxgi.dll`, `version.dll` या नावांचे लोडरही असतात, तेव्हा फक्त एका नावावर विसंबू नका.